‘रानाला कुठे समास असतो?’

आमच्या गडचांदूर-कोरपना भागात दरवर्षी बरेच छोटे अंक निघतात. शाळा-महाविद्यालयांचे वार्षिकांक, पतसंस्थांच्या स्मरणिका, एखाददुसरा दिवाळी अंक. असाच एक अंक यंदा हातात आला तेव्हा त्यातल्या एका जोडपानाबद्दल मी तक्रार केली. डाव्या-उजव्या पानांचे समास जुळत नव्हते आणि फोटोओळी फोटोंपासून सुटून पानावर तरंगत होत्या. ज्यांनी अंक काढला ते जुने, जाणते गृहस्थ. चिडले नाहीत, उलट त्यांनी बाजू मांडली. मजकूर वाचणारा माणूस फूटपट्टी घेऊन बसत नाही, ही पहिली. हे ‘ग्रिड’ वगैरे युरोपातून आलेलं खूळ आहे, आपल्या मातीतल्या अंकाला ते कशाला, ही दुसरी. जे काही सरकलं ते छापखान्यात सरकलं, ही तिसरी. आणि शेवटी टाळ्या घेणारं वाक्य: ‘आपण रानातली माणसं. रानाला कुठे समास असतो?’

वाक्य छान आहे. पण ज्या जिल्ह्यात वनविकास महामंडळाचं सागवान मैलोन् मैल दोरी लावल्यासारखं रांगेत उभं आहे, तिथे ते बोलताना जरा जपून बोलावं. आणि अंक म्हणजे रान नव्हे. तो कुणीतरी दुसऱ्याला वाचायला दिलेला कागद आहे. तेव्हा कवित्व बाजूला ठेवू आणि ते जोडपानच समोर घेऊ. नाव सांगत नाही, कारण दोष एका अंकाचा नाही. असली जोडपानं दर हंगामात दिसतात.

अंक ए-४ आकाराचा, म्हणजे पान २१० मिलिमीटर रुंद. डाव्या पानावर माणिकगडाच्या सहलीचा लेख, तीन कॉलमांत. बाहेरचा समास १५ मिलिमीटर, आतला, म्हणजे बांधणीकडचा, २०. मधली मजकुराची रुंदी १७५. इथवर उत्तम. आता उजवं पान. तिथे बांधणीकडचा समास १५ आणि बाहेरचा २०. मजकुराची रुंदी तीच, १७५. अंक उघडून समोर धरला की डावं पान ऐसपैस बसलेलं आणि उजवं पान मात्र मधल्या घडीकडे ढकलल्यासारखं दिसतं. पाहणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी तिरकं आहे एवढं जाणवतं.

या आकड्यांकडे नीट पाहा. ते भलतेच नाहीत. १५ आणि २० हेच दोन आकडे आहेत, फक्त जागा उलट्या. छापखान्यात कागद सरकला असता तर आकडे असे नेमके अदलाबदल झाले नसते. एखाद्या बाजूला दोन मिलिमीटर वाढले असते आणि दुसऱ्या बाजूला दोन कमी झाले असते, असं काहीतरी झालं असतं. तेच दोन आकडे आतला बाहेर आणि बाहेरचा आत असे दिसले की समजावं, हे पान मुळात डाव्या बाजूचं म्हणून लावलं होतं आणि मागाहून उजवीकडे गेलं. तसं का झालं असेल याचा अंदाज आमच्याकडे अंक काढणाऱ्या कुणालाही करता येईल. ऐन वेळी पानभर जाहिरात आली. ती आधीच्या पानांत कुठेतरी घुसवली. एक पान वाढलं, त्यामुळे पुढचं प्रत्येक डावं पान उजवं झालं आणि उजवं डावं. संगणकावर `Facing Pages` चालू असलं तरी समासाच्या रेघा उलटतात, आधी लावून ठेवलेल्या मजकुराच्या चौकटी मात्र बहुधा जिथल्या तिथेच राहतात. आणि आमच्याकडे तर कित्येक जण कोरलड्रॉमध्ये एकेक पानाची वेगळी फाइल करतात. त्या फाइलला आपण डावे की उजवे हेच ठाऊक नसतं.

मग हे फक्त त्याच पानावर का दिसलं? कारण बाकीची पानं कुणीतरी हातांनी सरकवून घेतली होती आणि हे राहून गेलं. तपासायला दोन मिनिटं लागतात. त्या जोडपानाच्या आधीची आणि नंतरची पानं मोजा. सगळ्यांवर आत २० आणि बाहेर १५ आणि मध्येच एकावर उलट असेल तर गुन्हेगार सापडला. यावर उपायही साधा आहे. उशिरा येणारी जाहिरात घ्यायचीच असेल तर एक पान वाढवू नका, दोन वाढवा. दुसऱ्या पानावर मावत नसलेली कविता टाका, संस्थेचा अहवाल टाका, काहीही टाका. पानांची डावी-उजवी जागा तरी शाबूत राहील.

आता त्यांची तिसरी बाजू आधी घेतो, कारण तीत थोडं तथ्य आहे. छापखान्यात आणि बांधणीत पानं सरकतात, हे खरंच आहे. पण त्या सरकण्याला स्वतःची चाल असते आणि ती ओळखता येते. मधोमध पिना मारलेला ६४ पानांचा अंक घ्या. त्यात चार-चार पानांचे १६ कागद एकात एक घातलेले असतात. ८० ग्रॅमचा मॅपलिथो कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. आतला प्रत्येक कागद बाहेरच्यापेक्षा तेवढा पुढे येतो. सगळ्यात आतला कागद असा दीड मिलिमीटरच्या आसपास बाहेर डोकावतो. मग कटिंग मशीन तो सरळ कापून टाकतं. म्हणून मधल्या पानांचा बाहेरचा समास पहिल्या पानांपेक्षा दीड मिलिमीटरने कमी भरतो. आतला समास मात्र तसाच राहतो. हा दोष हळूहळू वाढत जातो. पहिल्या पानापासून मधल्या पानापर्यंत पायरी-पायरीने वाढतो आणि तिथून शेवटाकडे तसाच उतरतो. एका पानावर अचानक पाच मिलिमीटर हलणं ही त्याची रीत नाही.

घडीचा दोष त्याहून वेगळा. फर्मा घडी करताना वाकडा बसला की मजकूर पानाच्या कडेला समांतर राहत नाही. वरच्या ओळीच्या डाव्या टोकापासून पानाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, मग उजव्या टोकापासून मोजा. दोन्ही मापं वेगळी आली तर मांडणी करणाऱ्याला दोष देऊ नका, तो घडीचा किंवा कापणीचा आहे. आणखी एक जुनी युक्ती आहे. पान उजेडाकडे धरायचं. मागच्या बाजूच्या ओळी पुढच्या ओळींच्या बरोबर मागे दिसायला हव्यात, ओळीवर ओळ. सगळा मजकूर एकाच दिशेला सारखाच सरकलेला दिसला आणि त्याच फर्म्यातल्या इतर पानांवरही तसाच दिसला तर छपाईत कागद हलला. एकच पान हललेलं असेल तर चूक संगणकावरची आहे. बल्लारपूरचा कागद जिल्ह्यात बनतो, आपल्याला तो पारखायची सवय आहे. तो उजेडाकडे धरायचीही असावी.

आमच्या जोडपानावर वरच्या ओळी कडेला समांतर होत्या. आजूबाजूच्या पानांवर समास ठीक होते. म्हणजे छापखान्याची यात काही चूक नाही. त्याच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं आहे, कारण तो चंद्रपूर-नागपूरला बसलेला असतो आणि उत्तर द्यायला इथे येत नाही.

आता ग्रिड. मजकूर १७५ मिलिमीटर, तीन कॉलम, कॉलमांमध्ये पाच-पाच मिलिमीटरची मोकळी जागा. म्हणजे प्रत्येक कॉलम ५५ मिलिमीटर. एका कॉलमचा फोटो ५५ रुंद असला पाहिजे, दोन कॉलमांचा ५५ अधिक ५ अधिक ५५, म्हणजे ११५. लेखात माणिकगडाच्या दरवाजाचा मोठा फोटो आहे. मोजला तर ११२ भरला. त्याची उजवी कड दुसऱ्या कॉलमच्या उजव्या कडेपेक्षा तीन मिलिमीटर आत थांबते. तीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ साडेआठ पॉइंट. वाचणाऱ्याची नजर कॉलमच्या कडेवरून खाली उतरत असते आणि फोटोपाशी आली की तिला एक खाच लागते. पन्नास मिलिमीटरची मोकळी जागा सोडली असती तर कुणी हरकत घेतली नसती, कारण ती जागा सोडायचं ठरवलेलं असतं. तीन मिलिमीटर हे ना इकडचं ना तिकडचं. कुणीतरी माउसने कोपरा धरून अंदाजाने ओढला, एवढंच ते सांगतं. चूक आणि शैली यांच्यातला फरक मी इथेच शोधतो. मोठं, ठरवलेलं आणि पुन्हा पुन्हा येणारं अंतर ही शैली असू शकते. बारीक, एकदाच आलेलं आणि कशाशीच न जुळणारं अंतर ही चूक असते.

म्हणून त्यांच्या रानाच्या वाक्यात दडलेल्या, समास असमान असणं म्हणजे स्वातंत्र्य, या दाव्याला मी सरळ नाही म्हणत नाही. असमान समास मुळात दोषच नाही. जुन्या युरोपीय हस्तलिखितांच्या पानांवरून मांडणीकार यान चिखोल्ड यांनी जी मापं काढून दाखवली, त्यांत आतला, वरचा, बाहेरचा आणि खालचा समास दोन, तीन, चार, सहा अशा प्रमाणात आहेत. चारही बाजू वेगवेगळ्या. दोन-तीन प्रमाणाच्या पानावर ती मापं लावली तर पानाच्या नऊ भागांपैकी फक्त चार भागांत मजकूर येतो. दिवाळी अंकाला हे परवडणार नाही, कागदाचा भाव कुणाला विचारायला नको. पण त्यातलं एक तत्त्व फुकट मिळतं. तिथला असमानपणा प्रत्येक पानावर तोच आहे आणि समोरच्या पानावर आरशासारखा उलटतो. आमच्या जोडपानावर तो उलटायचा होता, पण उलटला नाही. ही चूक आहे, स्वातंत्र्य नाही. हेच चिखोल्ड तरुणपणी, १९२८ साली, मधोमध बसवलेल्या मांडणीविरुद्ध पुस्तक लिहून भांडले होते आणि पुढे स्वतःच जुन्या मापांकडे वळले. बंड करणाऱ्यालाही कशाविरुद्ध बंड करतोय ते मोजून माहीत असावं लागतं.

‘युरोपातून आलेलं खूळ’ या शब्दांना मात्र मी हरकत घेतो. ‘ग्रिड’ हा शब्द स्वित्झर्लंडच्या योसेफ म्युलर-ब्रोकमन यांच्यासारख्यांनी प्रतिष्ठित केला, त्यांचं त्यावरचं पुस्तक १९८१ चं. पण आखणी त्यांनी आपल्याला शिकवलेली नाही. पोथ्या लिहिणारे दोऱ्या ताणून बसवलेल्या फळीवर कागद दाबून ओळींचे वळ उठवून घेत आणि मगच लिहायला बसत. दोन्ही बाजूंचा समास उभ्या रेघा मारून आखत. आपली मोडी तर पाहा. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ पानभर ओढून घेई आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जाई. याहून कडक ग्रिड कुठली? गावोगावच्या दप्तरांत ते कागद आजही आहेत. त्यांत ओळी वाकड्या नाहीत.

मोडीचा उल्लेख मी शोभेसाठी केलेला नाही. देवनागरीच्या मांडणीतला सगळ्यात जास्त होणारा दोष याच रेघेपाशी होतो. रोमन लिपीत नजर अक्षरांच्या तळरेषेवर असते. मराठीत ती शिरोरेषेवर असते. सगळी मांडणीची साधनं मात्र रोमनसाठी बनलेली, म्हणून ती तळ जुळवतात आणि वरची बाजू वाऱ्यावर सोडतात. आमच्या जोडपानावर हे दोनदा घडलं आहे. एक, फोटोची वरची कड आणि बाजूच्या कॉलमची वरची कड संगणकाच्या हिशेबाने एका रेघेवर आहेत. पण मजकुराच्या चौकटीत वरती वेलांटी, मात्रा आणि रफारासाठी जागा राखलेली असते. म्हणून पहिल्या ओळीची शिरोरेषा फोटोच्या कडेपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली पडली आहे. डोळा वेलांट्या धरत नाही, शिरोरेषा धरतो. त्याला फोटो वर चढलेला दिसतो. फोटोची कड शिरोरेषेशी जुळवली, चौकटीशी नाही, की हे मिटतं.

दोन, बाजूला टाकलेली फोटोओळ. मजकूर १२ पॉइंटचा आणि फोटोओळ ९ पॉइंटची. दोन्ही एकाच तळरेषेवर बसवल्या की त्यांच्या शिरोरेषा ठशानुसार दीड-दोन पॉइंट खालीवर होतात. इंग्रजी पानावर हे खपून जातं, मराठी पानावर बारीक ओळ खड्ड्यात पडल्यासारखी दिसते. त्यातून ठसा बदलला तर आणखी गोंधळ. पहिली ओळ चौकटीत कुठे बसणार हे साधन ठशाच्या उंचीवरून ठरवतं, आणि दोन मराठी ठशांच्या उंच्या क्वचितच सारख्या असतात. इनडिझाइनमध्ये `Text Frame Options` मधल्या `First Baseline` ला `Fixed` करून माप स्वतः द्यावं लागतं. मजकुराला एक माप, फोटोओळीला दुसरं, आणि दोन्ही अशी निवडायची की शिरोरेषा एका रेघेत येतील. एकदा बसवलं की अंकभर तेच चालतं.

आता तरंगत्या फोटोओळींकडे येतो. इथे त्यांची पहिली बाजू, वाचक फूटपट्टी घेऊन बसत नाही ही, पुरती कोसळते.

उजव्या पानावर एकाखाली एक असे दोन सत्काराचे फोटो आहेत. दोन्हींत पाच-पाच माणसं उभी. वरच्या फोटोची ओळ त्याच्यापासून सहा मिलिमीटर खाली आहे आणि खालच्या फोटोपासून चारच मिलिमीटर वर. खालच्या फोटोची स्वतःची ओळ त्याच्यापासून नऊ मिलिमीटर खाली, पानक्रमांकाशेजारी जाऊन बसली आहे. दोन्ही ओळी ‘डावीकडून’ या शब्दाने सुरू होतात, मग पाच नावं. वाचणारा काय करणार? मधली ओळ ज्याच्या जास्त जवळ आहे त्याचीच ती समजणार. ती खालच्याच्या जवळ आहे. माणसंही पाचच, नावंही पाचच, तेव्हा शंका यायला जागाच नाही. पाच लोकांचे चेहरे दुसऱ्या पाच लोकांच्या नावांनी अंकात कायमचे छापले गेले. ज्यांचा सत्कार झाला त्यांच्या घरी तो अंक जपून ठेवला जातो. दहा वर्षांनी नातवंडं बोट ठेवून वाचतील तेव्हा चुकीच्याच माणसाला आजोबा म्हणतील. हा दिसण्याचा प्रश्न नाही, माहिती चुकल्याचा आहे, आणि मजकुरात एकही अक्षर चुकलेलं नाही. मुद्रितशोधकाने शंभर वेळा वाचलं तरी त्याला ही चूक सापडणार नाही.

हे कसं झालं असेल तेही आकडेच सांगतात. डाव्या पानावरच्या छोट्या फोटोखाली फोटोओळ दोन मिलिमीटरवर आहे. म्हणजे मूळ अंतर दोनचं. वरच्या फोटोखाली सहा आहे, तेव्हा तो फोटो खालून चार मिलिमीटर कापला गेला आणि ओळ जागीच राहिली. खालच्या फोटोखाली नऊ आहे, तेव्हा तो सात मिलिमीटर वर ओढला गेला आणि त्याचीही ओळ जागीच राहिली. मुळात मधली ओळ खालच्या फोटोपासून अकरा मिलिमीटर दूर होती. दोन आणि अकरा, तेव्हा कुणाची ओळ कुणाची याबद्दल वाद नव्हता. फोटो आणि ओळ एकत्र बांधलेले, म्हणजे ग्रुप केलेले, असते तर वर ओढताना ओळही बरोबर गेली असती. कापताना मात्र ग्रुपही पुरत नाही, ओळ हातानेच सरकवावी लागते. म्हणून फोटोला हात लावल्यावर त्याची ओळ पाहणं हे त्या कामाचाच भाग धरावं लागतं.

माझा नियम एकच आहे. फोटोओळीचं स्वतःच्या फोटोपासूनचं अंतर तिच्या दुसऱ्या कुठल्याही शेजाऱ्यापासूनच्या अंतराच्या निम्म्याहून कमी असावं. दोन आणि पाच चालेल, तीन आणि चार नाही. आणि सगळ्या अंकात ते एकच असावं. ओळीची डावी कड फोटोच्या डाव्या कडेला, एकदा ठरलं की ठरलं. आमच्या अंकात एक ओळ मधोमध, एक डावीकडे, एक फोटोच्या आत पांढऱ्या अक्षरांत, अशी आहे. फोटोच्या आत लिहिलेली ओळ दिसायला देखणी, पण ऑफसेटवर चार रंगांत जरा जरी रंग सरकला की नऊ पॉइंटच्या पांढऱ्या अक्षरांतल्या बारीक रेषा भरून जातात. अनुस्वार तर आधी जातात. एखाद्या माणसाचं नाव ‘कांबळे’ऐवजी ‘काबळे’ वाचलं जातं.

हे शोधायला महागडं काही लागत नाही. अंकातलं एक निर्दोष पान निवडायचं, त्यावर बटर पेपर ठेवायचा, मजकुराची चौकट, कॉलमच्या कडा आणि पानक्रमांकाची जागा पेन्सिलीने आखायची. मग तोच कागद प्रत्येक पानावर ठेवत जायचं. डाव्या पानासाठी सरळ, उजव्यासाठी उलटा करून. जिथे छापलेली कड पेन्सिलीच्या रेघेबाहेर जाईल तिथे खूण. फोटोओळींसाठी कागदाची एक पट्टी पुरते. एका फोटोखालचं अंतर तिच्यावर दोन टिंबांनी घ्यायचं आणि ती पट्टी पुढच्या फोटोंखाली लावत जायची. आकडेही लागत नाहीत. जोडपान उलटं धरून पाहणं हीसुद्धा चांगली खोड आहे. अक्षरं वाचता येत नाहीत, तेव्हा नजर अर्थात गुंतत नाही आणि पानावरचे ठोकळेच दिसतात.

इथे एक सावधगिरी सांगतो, नाहीतर माझ्यावरच फूटपट्टीवाला म्हणून शिक्का बसेल. मोजमाप बरोबर आलं तरी पान बिघडलेलं दिसू शकतं. आमच्या सिमेंटच्या गावात उन्हाळ्यात घेतलेल्या फोटोंत आकाश बहुधा पांढरं फटक असतं. तो फोटो छापला की आकाश कागदात विरघळतं, फोटोची वरची कडच नाहीशी होते आणि बरोबर लावलेला फोटोसुद्धा खाली घसरल्यासारखा वाटतो. तिथे बटर पेपर म्हणेल ठीक, डोळा म्हणेल नाही. डोळ्याचं ऐकायचं. फोटोला पाव पॉइंटची करडी रेघ घातली की कड परत येते. कवितांच्या पानावरही कॉलमचा आग्रह धरू नये, तिथे सगळ्यात लांब ओळीवरून डावा समास ठरवावा. आणि अंक छापायचाच नसेल, फक्त व्हॉट्सअॅपवर पीडीएफ म्हणून फिरणार असेल, तर आतला-बाहेरचा समास हा प्रकारच सोडून द्यावा. फोनवर एकेक पान सरकतं, तिथे दोन्ही बाजू सारख्या नसतील तर मजकूर डावी-उजवीकडे झोकांड्या खाताना दिसतो.

राहिला त्यांचा पैशाचा मुद्दा. तो त्यांनी उघड मांडला नाही, पण बोलण्यात होता. चांगली मांडणी परवडत नाही, इथे कुणाला एवढा वेळ आहे. पण या जोडपानात दुरुस्त करायच्या गोष्टी मोजक्याच होत्या: उजवं पान पाच मिलिमीटर बाहेर, मोठा फोटो तीन मिलिमीटरने रुंद आणि शिरोरेषेच्या रेघेत, दोन फोटोओळी आपापल्या फोटोंपाशी. प्लेट बनण्याआधी हे तासाभराचं काम आहे. प्लेट बनल्यावर तेच काम नव्या प्लेटचा खर्च होतं, आणि चार रंगांचं पान असेल तर चार प्लेटचा. हे सगळं पडद्यावर का दिसलं नाही? कारण पडद्यावर पानं एकेकटी पाहिली गेली आणि फोटोओळी मोठ्या करून वाचल्या गेल्या. जवळून वाचताना त्या कुठे बसल्यात हे कळतच नाही.

म्हणून अंक छापायला जाण्याआधी डमी मागा. साध्या लेझर प्रिंटवर, दोन्ही बाजूंनी छापलेली, खऱ्या क्रमाने एकात एक घातलेली, मधोमध स्टेपल मारलेली आणि कडा कापलेली. सुट्या पानांचा गठ्ठा डमी म्हणून स्वीकारू नका, त्यात डावं-उजवं कळत नाही. ती डमी संपादकाने नव्हे, ज्यांचे सत्काराचे फोटो आहेत त्यांच्यापैकी कुणाला तरी दाखवा आणि विचारा, ‘या फोटोत तुम्ही कुठे आहात आणि तुमचं नाव कुठे आहे?’ त्याचं बोट दुसऱ्या फोटोच्या ओळीवर गेलं, तर समासांवरच्या आमच्या वादात कुणाची बाजू खरी आहे ते तिथेच ठरेल. डमी घडी करायला अर्धा तास लागतो. आमच्या गृहस्थांनी पुढच्या अंकाला ती करायचं कबूल केलं आहे, मात्र अजूनही ते म्हणतात की ग्रिडवर त्यांचा विश्वास नाही. चालेल. विश्वास नसला तरी डमी कापून आणावी.